खिडकीच्या जागेचं भांडण

प्रिय माणके,

आठ महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालणार असशील, तर आधीच घालून घे. फोनवरही सांगता आलं असतं, पण तू मध्येच "मी म्हटलं नव्हतं?" म्हणाली असतीस आणि माझं सांगायचं राहून गेलं असतं. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही. माझी तब्येत बरी आहे. आईचा गुडघा आहे तसाच.

गेल्या रविवारी अनूला गाडी लागली. यात नवीन काही नाही, तिला लहानपणापासूनच लागते. त्यात बसमध्ये आम्हाला जागा मिळाली मागच्या चाकावरची, आणि शांत बसावी म्हणून मीच तिच्या हातात मोबाइल दिला होता. आधी तिला जांभया सुरू झाल्या, एकामागून एक. मला वाटलं, झोप येतेय. मग ओठ पांढरे पडले, कपाळाला गार घाम आला आणि मी पिशवी उघडेपर्यंत कार्यक्रम उरकला होता. पुढच्या काकांच्या चपला मी पुसून दिल्या. बिचारे चांगले होते.

इथपर्यंत ठीक. घरी आल्यावर दोन तास झोपली, आणि उठली ती डोकं धरून. म्हणाली, "आई, दिवा बंद कर ना." माणके, हे वाक्य कुणाचं, ते तुला सांगायला नको. हॉस्टेलात मी हेच म्हणायचे आणि तू परीक्षा तोंडावर असताना पुस्तक घेऊन जिन्यात जाऊन बसायचीस. माझ्या पोटात धस्स झालं. गाडी लागलेली असली की उतरल्यावर हळूहळू उतार पडतो. हिचं उलट. उतरल्यावर सुरू झालं, जिना चढताना वाढलं, उजेड टोचायला लागला. अर्धं डोकं नाही, कपाळभर दुखत होतं, म्हणून मी आधी स्वतःची समजूत घालत होते की हे माझं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहान मुलांत मायग्रेन बहुधा असंच, दोन्ही बाजूंना दुखतं आणि मोठ्यांपेक्षा कमी वेळ टिकतं.

मी विचारलं, ही दोन दुखणी की एक? दुखणी दोनच, पण शेजारी, असं त्यांचं म्हणणं. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो. बस वळली की तो मेंदूला कळवतो, "आपण हललो." डोळे मोबाइलवर असले तर ते म्हणतात, "कुठे? सगळं जागच्या जागी आहे." या दोन साक्षी जुळल्या नाहीत की मळमळ सुरू होते. ड्रायव्हरला गाडी लागत नाही, कारण वळण यायच्या आधीच त्याला ठाऊक असतं. आता, तोलाच्या बातम्या मेंदूच्या बुंध्यात जिथे पोचतात, तिथेच जवळ चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या दुखण्याची मोठी नस येते, आणि दोघींचं येणंजाणं आहे. म्हणून एकीकडे कुरकुर झाली की दुसरीकडे ऐकू जाते, आणि तेही दोन्ही दिशांनी. आधीच डोकं ठणकत असेल तर त्या दिवशी गाडी जास्त लागते. शिवाय तीच तीच सूचना पुन्हा पुन्हा आली की इतरांचा मेंदू कानाडोळा करायला शिकतो. मायग्रेनवाल्यांचा तेवढ्या सहज शिकत नाही. (इथे तू हसणार. मी काहीच विसरत नाही असं तू दहा वर्षं म्हणते आहेस.)

गाडी लागणाऱ्या प्रत्येक मुलाला पुढे मायग्रेन होतं असं नाही. पण आई अशी असली की शक्यता वाढते. हे ऐकून मी घरी आले आणि कारण नसताना भांडी घासत बसले. उंची बापाची घेतली, नाक बापाचं घेतलं, आणि माझ्याकडून हे.

आता आपलं भांडण. ती सहल आठवते? मी पडदा ओढला, तू तो उघडलास, "बाहेर बघ, बरं वाटेल" म्हणालीस. मी म्हटलं, बाहेर बघितलं की डोकं फुटतं. तू म्हणालीस, नाटकी आहेस. मग घाट संपेपर्यंत अबोला. तेव्हा तुझंही बरोबर होतं आणि माझंही. गाडी लागू नये म्हणून दूरवर बघायचं असतं. पण बाजूच्या खिडकीत झाडांमागून ऊन जे लपकलपक करतं, तेच मायग्रेन उठवतं. तोडगा असा की बघायचं, पण पुढच्या काचेतून, दूरच्या रस्त्याकडे. म्हणजे जागा पुढची हवी आणि उन्हाच्या विरुद्ध बाजूची. ते जमलं नाही तर डोळे मिटून डोकं सीटच्या पाठीला टेकायचं. खिडकीच्या काचेला टेकायचं नाही, ती थरथरते.

पोटाचंही तसंच. मी कायम उपाशी प्रवासाला निघायचे, उलटीला काही नको म्हणून. पण भुकेनं मायग्रेन उठतं, म्हणजे मी एका दुखण्याला घाबरून दुसऱ्याला बोलावत होते. आता निघायच्या तासभर आधी थोडं, कोरडं, बिनवासाचं खायचं आणि पाणी घोट घोट पीत राहायचं. मळमळीची गोळीही तेव्हाच. मी ती नेहमी मळमळायला लागल्यावर घेते. तोवर पोटाचं काम मंदावलेलं असतं आणि गोळी तशीच पडून राहते. एकदा तर अख्खी परत आली. अनूची मात्रा डॉक्टरीणबाईंनी वजनावरून लिहून दिली आहे. गोळीनं झोप येते, म्हणून आधी सुट्टीच्या दिवशी घरीच देऊन बघणार आहे. माझ्या डोकेदुखीच्या गोळ्यांचा हिशेबही त्यांनी मागितला. साधी गोळीसुद्धा महिन्यातून पंधरा दिवस किंवा जास्त घेत राहिलं तर तीच डोकं दुखवायला लागते म्हणे. मी बोटं मोजली आणि गप्प बसले.

एक गंमत सांगते. मी खड्ड्यांना उगाच बोल लावत होते. धक्के त्रास देतात, पण खरी खोडी संथ हेलकाव्याची. साधारण पाच सेकंदांना एक झोका, तो सर्वांत वाईट.

हे सगळं आता लिहिण्याचं कारण, पुढच्या महिन्यात आम्ही दोघी तुझ्याकडे येतोय. सकाळी सातची बस, उत्तरेकडे. ऊन उजवीकडून येणार, म्हणून डावीकडच्या पुढच्या जागा घेतल्या आहेत. दुपारनंतर ट्रेन, दिशा तीच, ऊन आता डावीकडून, म्हणून उजवीकडे बसायचं. डब्याच्या मधोमध, चाकांपासून लांब, तोंड गाडीच्या दिशेला. खालचा बर्थ मिळाला तर अनूला उताणं झोपवीन. मोबाइल माझ्या पर्समध्ये, बंद. गोष्टी मी तोंडी सांगणार, तुझ्याच सांगणार. जांभया सुरू झाल्या की मी जागी होईन.

तुझी बदली झाली की टळली? शरदचं ऑपरेशन नीट झाल्याचं कानावर आलं. सविस्तर लिही, की भेटल्यावरच सांगणार आहेस?

स्टेशनवर आलीस तर एवढंच कर, ते तुझं अत्तर लावून येऊ नकोस. दिवसभर जपून आणलेलं डोकं फलाटावर फुटेल. आणि तुझ्या गाडीत पुढची जागा अनूची. तू भांडू नकोस.

तुझीच,
नलू