टोळ्या निघायच्या आधी कॉल्पोस्कोपी व्हावी: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या ऊसतोड पट्ट्यात परिचारिका आहे. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगासाठी आम्ही आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी बघायची जी व्हीआयए तपासणी करतो, तिच्या पुढे काय होतं, हे आपल्या कानावर घालायचं आहे.

पॅप स्मिअरमध्ये पिशवीच्या तोंडावरच्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. आमच्या तालुक्यात ती काच वाचणारं कुणी नाही. व्हीआयएला त्याची गरज पडत नाही. ॲसेटिक ॲसिड म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल. तीव्र आम्ल 5 मिली आणि डिस्टिल्ड वॉटर 95 मिली, असं मिश्रण आम्ही त्याच दिवशी सकाळी करतो आणि उरलं तर संध्याकाळी ओतून देतो. स्पेक्युलम बसवायचं, दिवा नीट धरायचा, चिकट स्राव पुसायचा, त्या द्रावणात भिजवलेला बोळा पिशवीच्या तोंडाला लावायचा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट थांबायचं. बाहेरची गुलाबी त्वचा आणि आतली लालसर त्वचा जिथे मिळतात, त्या रेषेला चिकटून दाट, स्पष्ट कडेचा पांढरा डाग उठला, तर तपासणी पॉझिटिव्ह. बदलायला लागलेल्या पेशींमध्ये प्रथिनं जास्त असतात, ती आम्लाने गोठतात, म्हणून तो भाग पांढरा दिसतो. उत्तर बाईला तिथेच मिळतं.

पण साहेब, पांढरा डाग म्हणजे कर्करोग नव्हे. जंतुसंसर्ग असला, सूज असली, वयानुसार त्वचा बदलत असली, तरीही पांढरं उठतं. ते बहुधा फिकट असतं, कडा विरघळलेल्या असतात, पण प्रत्येक वेळी डोळ्याला फरक कळेलच असं नाही. पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेक बायकांना पुढे काहीच गंभीर निघत नाही. म्हणून कॉल्पोस्कोपी लागते. तेच आम्ल पुन्हा लावून भिंगातून पिशवीचं तोंड मोठं करून बघायचं, मग आयोडिन लावायचं, आणि जिथे शंका येईल तिथला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवायचा. आमची घडी नेमकी इथे विस्कटते.

एका बाईची हकिगत सांगते. वय 34, तीन लेकरं. सप्टेंबरच्या शेवटी आमच्या शिबिरात तिची तपासणी झाली. घड्याळात बारा वाजण्याच्या जागेपासून तीनपर्यंत रेषेला धरून दाट पांढरा पट्टा. मी चिठ्ठी लिहून जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयात पाठवली. तिथे तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. त्या दिवशी ती पहाटेच्या एसटीने गेली. कॉल्पोस्कोपी करणाऱ्या डॉक्टर सिझेरियनला गेलेल्या होत्या. दुपारी तीन वाजता तिला पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात तिची टोळी निघाली. उचल घेतलेली होती, मुकादम थांबत नाही, आणि एका दिवसाचा खाडा कोयत्याच्या, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीच्या, हिशेबातून कापला जातो.

ती परतली एप्रिलमध्ये, पिशवी काढून. फडावर अंगावरून पांढरं जायला लागलं. तिथल्या खासगी डॉक्टरांना तिने सांगितलं, की सिस्टरांनी पांढरा डाग आहे म्हटलं होतं. तुमच्या पिशवीत कॅन्सर होईल, असं ऐकल्यावर नवऱ्याने मुकादमाकडून आणखी पैसे उचलले. काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती का, हे दोघांनाही माहीत नाही. कागद नाही. म्हणजे तिला काही होतं की नव्हतं, हे आता कुणीच सांगू शकत नाही. आणि खरोखर कर्करोग सुरू झालेला असता, तर तो कुठवर पसरलाय हे न बघता केलेली साधी शस्त्रक्रिया तिच्यासाठी अपुरी पडली असती.

ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढण्यावर 2019 मध्ये राज्य सरकारने चौकशी समिती नेमली होती. आम्ही दिलेली अर्धवट चिठ्ठी त्याच वाटेवर नेऊन सोडते, हे मला तेव्हापासून सलतं आहे. ‘पांढरा डाग’ हा शब्दही मी आता बायकांपुढे वापरत नाही. त्यांना तो अंगावरून पांढरं जाण्यासारखा ऐकू येतो.

तिची कॉल्पोस्कोपी त्याच आठवड्यात झाली असती तर काय झालं असतं? डाग पूर्ण दिसतोय, पिशवीच्या तोंडातून आत जाणाऱ्या नळीत शिरत नाही, पिशवीच्या तोंडाचा फार मोठा भाग व्यापत नाही आणि कर्करोगाची शंका नाही, असं ठरलं असतं, तर तिथेच थर्मल ॲब्लेशन करता आलं असतं. तापलेली सळई साधारण 100 अंशांवर 20 ते 30 सेकंद टेकवायची. भूल लागत नाही, बाई चालत घरी जाते, वर्षभराने पुन्हा तपासणी. डाग नळीत शिरलेला असता तर तारेच्या फासाने तो भाग काढून तपासायला पाठवता आला असता. पिशवी जागेवर राहिली असती.

एचपीव्ही, म्हणजे हा कर्करोग घडवणारा विषाणू, शोधणारी डीएनए चाचणी आली की व्हीआयए जाईल, असं बैठकांत ऐकते. ती चाचणी सरस आहे, हे आपल्याच तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या सुमारे 1,30,000 बायकांच्या अभ्यासाने 2009 मध्ये दाखवलं. तिथे एचपीव्ही चाचणी एकदाच करूनही मृत्यू जवळपास निम्मे झाले, एकदाच केलेल्या व्हीआयएने तसा ठोस फरक पडला नाही. पण मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाने 1998 पासून प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी, चार वेळा व्हीआयए केली, तेव्हा 12 वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. तिथे पॉझिटिव्ह आलेल्या शंभरातल्या जवळपास ऐंशी बायका पुढच्या तपासणीपर्यंत पोहोचल्या होत्या. आमच्याकडे हा आकडा किती, हे कुणी विचारतच नाही. मासिक अहवालात ‘तपासलेल्या महिला’ हा रकाना ठळक असतो. एचपीव्ही चाचणी आली तरी पॉझिटिव्ह बाईला पुढे कॉल्पोस्कोपी लागेलच, किंवा उपचार करण्याआधी आम्ल लावून बघावंच लागेल.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस कॉल्पोस्कोपीचा ठरवा, त्या दिवशी त्या डॉक्टरांना प्रसूतिगृहात बोलावू नका, आणि यंत्राशेजारीच थर्मल ॲब्लेशनचं उपकरण व काढलेला तुकडा ठेवायला फॉर्मेलिनच्या बाटल्या ठेवा. ऊसतोड तालुक्यांत शिबिरं जुलै-ऑगस्टमध्ये घ्या, म्हणजे तुकड्याचा अहवाल टोळी निघायच्या आत हातात पडेल. अहवालात ‘पॉझिटिव्ह किती’ आणि ‘त्यातल्या कॉल्पोस्कोपीला किती पोहोचल्या’ हे दोन रकाने घाला. पहिला आकडा आमच्या कामावरही नजर ठेवील. एखाद्या केंद्रात शेकडो बायका तपासून एकही पॉझिटिव्ह नसेल, किंवा दर तिसरी पॉझिटिव्ह असेल, तर द्रावण, दिवा किंवा तपासणारीची नजर यांत कुठेतरी चुकतंय. तिथे प्रशिक्षक पाठवा. आणि पन्नाशीपुढच्या बायकांच्या नावापुढे नुसतं ‘निगेटिव्ह’ लिहायला लावू नका. दोन त्वचा मिळतात ती त्यांची रेषा नळीच्या आत सरकलेली असते, आम्हाला ती दिसतच नाही. एचपीव्हीचे किट मिळतील तसे आधी त्यांच्यासाठी द्या.

यंदाच्या यादीत माझ्याकडे अकरा पॉझिटिव्ह बायका आहेत. सात जणींची उचल घेऊन झाली आहे. दसऱ्यानंतर त्या निघतील. त्यांच्यासाठी एक तारीख हवी आहे.

आपली विश्वासू,
एक परिचारिका, मराठवाडा