बऱ्हाणपूरच्या गोडाऊनने ५ कोटींची लाइन ओलांडली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या उद्योगाच्या पानावर एक ओळ होती, "वार्षिक विक्री ५ कोटींच्या आत असेल तर ई-इनव्हॉइसची गरज नाही." ई-इनव्हॉइस म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल. ओळ चुकीची नाहीये, पण अर्धवट आहे, आणि या अर्धवट ओळीवरच आमच्या ओळखीतला एक कारखानदार चांगला गोत्यात आला होता. मी जळगाव एमआयडीसीतल्या चार-पाच छोट्या कारखान्यांचे हिशोब लिहितो, म्हणून हा घोळ जवळून बघितलाय. नाव सांगत नाही, त्याला दादा म्हणू.

दादाचा पीव्हीसी पाइपचा कारखाना आहे. २०२४-२५ ला जळगावातून ४ कोटी १० लाखांचा माल गेला, त्यात डीलर लोकांना ३ कोटी २० लाख आणि उरलेले ९० लाख सरळ शेतकऱ्यांना, ज्यांच्याकडे जीएसटी नंबर नसतो. शिवाय बऱ्हाणपूरला एक गोडाऊन आहे. ते मध्य प्रदेशात येतं म्हणून तिथला जीएसटी नंबर वेगळा, तिथला हिशोब लिहिणारा माणूसही वेगळा, आणि तिथून वर्षभरात ७१ लाखांचा माल विकला गेला. दादाचं गणित सरळ होतं, ४.१० आणि ०.७१ मिळून ४.८१, म्हणजे ५ च्या आत, झोपा निवांत.

मी विचारलं, बऱ्हाणपूरला माल कसा जातो? तर म्हणे आपलाच माल, आपलंच गोडाऊन, गाडी भरून पाठवतो, बिल बनवतो ते नुसतं कागदाला. त्या कागदांची बेरीज ६२ लाख निघाली. आता इथेच सगळी गोम आहे. जीएसटीत एकाच पॅनवर दोन राज्यांत नंबर असले की ते दोन वेगळे व्यापारी धरले जातात, त्यामुळे जळगावहून बऱ्हाणपूरला पाठवलेला माल हासुद्धा सप्लाय, आणि तोच माल पुढे बऱ्हाणपुरात गिऱ्हाइकाला विकला की तो परत सप्लाय. एकच पाइप दोनदा मोजला जातो. ऐकायला वेडगळ वाटतं, पण कायद्यात एकूण उलाढालीची व्याख्याच तशी आहे. मग ४.१० अधिक ०.६२ अधिक ०.७१, झाले ५ कोटी ४३ लाख. दादाने कपाळाला हात लावला आणि एवढंच म्हणाला, "आते काय करानं भाऊ?"

उलाढाल म्हणजे पॅनची, कारखान्याची नाही, हे आधी पक्कं धरा. तपासायला सोपं आहे, जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, आपले २७, मध्य प्रदेशचे २३, आणि त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे तुमचा पॅन. ही दहा अक्षरं जिथे जिथे सारखी, ती सगळी विक्री एका पाटीत टाका. मालकाने स्वतःच्याच पॅनवर बाजूला डाळीचा किंवा कापसाचा धंदा ठेवला असेल तर तोही त्यात आला, माल करमाफ असला तरी आला. फक्त बिलावरचा जीएसटी वजा करायचा, तो उलाढालीत धरत नाहीत. काही जण टॅक्ससकट बेरीज करून उगाच घाबरतात, तसं नको.

दुसरी गोष्ट जी लोकांना सांगूनही पटत नाही. नियम चालू वर्षाचा नाही, मागच्या वर्षांचा आहे, आणि मागच्या म्हणजे २०१७-१८ पासूनच्या कुठल्याही एका वर्षाचा. ही मर्यादा २०२० च्या ऑक्टोबरला ५०० कोटी होती, मग उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. दादाने २०२४-२५ मध्ये लाइन ओलांडली, म्हणून १ एप्रिल २०२५ पासून त्याला लागू. पुढच्या वर्षी धंदा मंदावून साडेचार कोटींवर आला तरी सुटका नाही.

आणि ई-इनव्हॉइस म्हणजे बिलाची पीडीएफ मेल करणं नव्हे. बिल तुम्ही तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये बनवता, त्याची माहिती सरकारी पोर्टलवर जाते, तिथून ६४ अक्षरांचा आयआरएन नंबर आणि सही केलेला क्यूआर कोड परत येतो, तो बिलावर छापायचा. लागतो फक्त जीएसटी नंबरवाल्या गिऱ्हाइकाच्या बिलाला, निर्यातीला आणि त्यांच्या क्रेडिट-डेबिट नोटला. म्हणजे शेतकऱ्यांचे ते ९० लाख उलाढालीत मोजायचे, पण त्यांच्या बिलांना आयआरएन नको. आणि बऱ्हाणपूरच्या त्या "नुसत्या कागदाला" मात्र हवा!

दादाला हे कळलं जुलैत, तेही एका डीलरने पैसे अडवले म्हणून. डीलरचा सीए म्हणाला, तुमच्या बिलावर क्यूआर नाही, नियम ४८(५) प्रमाणे हे बिलच नाही, मग आम्ही टॅक्स क्रेडिट कशावर घ्यायचं. बरोबरच आहे त्याचं. वर कलम १२२ खाली १० हजार किंवा बुडालेला कर, यातलं जे जास्त तेवढा दंड लागू शकतो तो वेगळाच.

त्यातल्या त्यात नशीब असं की बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत आयआरएन काढायची अट १० कोटी आणि वरच्यांना आहे (१ एप्रिल २०२५ पासून), दादा त्याच्या खाली. त्यामुळे एप्रिलपासूनची जुनी बिलंसुद्धा पोर्टलने घेतली. १४३ डीलरची आणि ९ बऱ्हाणपूरची, चार संध्याकाळी आम्ही तेच करत बसलो. पहिल्या फेरीत कितीतरी बिलं परत आली. कारण काय, तर पाइपचा एचएसएन, म्हणजे बिलावर टाकायचा मालाच्या प्रकाराचा कोड, चारच आकडी होता, ३९१७, आणि ५ कोटींच्या वर गेलं की सहा आकडी लागतो, ३९१७२३. आणि बऱ्हाणपूरच्या पत्त्यात कोणीतरी जळगावचा पिनकोड टाकून ठेवलेला, राज्य आणि पिन जुळेना म्हणून ती ९ च्या ९ आपटली. सॉफ्टवेअरमध्ये साठवलेले कोड आणि पत्ते दुरुस्त केले तेव्हा सगळी गेली, मग क्यूआरवाली कॉपी डीलरना परत पाठवली आणि त्या डीलरने पैसे सोडले. विक्रीचे रिटर्न, म्हणजे जीएसटीआर-१, त्या महिन्यांचे आधीच भरलेले होते, म्हणून तीच बिलं पुढच्या रिटर्नला दोनदा दिसत नाहीत ना हे एकेक करून बघावं लागलं.

एक सवय मात्र अजून मोडत नाहीये. पूर्वी बिल चुकलं की फाडून त्याच नंबरवर नवीन काढायचे. आता आयआरएन आला की त्यात दुरुस्ती होत नाही, २४ तासांत रद्द करता येतं, पण तो बिल नंबर परत वापरता येत नाही, आणि २४ तास उलटले की तिथे रद्दही होत नाही, मग सहसा क्रेडिट नोट काढावी लागते. म्हणून गाडी भरायच्या आधी दर आणि वजन दोनदा बघा.

एवढं वाचून कोणी म्हणेल, einvoice.gst.gov.in वर आपला नंबर टाकला की लागू आहे की नाही कळतंच की. कळतं, पण तिथलं स्टेटस भरलेल्या रिटर्नवरून ठरतं, ते "नाही" दाखवत असेल तरी जबाबदारी आपल्या खऱ्या उलाढालीवरच ठरते, तसं झालं तर तिथेच स्वतःहून नोंदणी चालू करता येते. जीएसटीच्या लॉगिनमध्येही वार्षिक उलाढालीचा आकडा दिसतो, तो मार्च संपला की लगेच बघा, आणि शाखेत गेलेल्या मालाची बिलं त्यात आलीत का ते आपल्या वहीशी ताडा.

तुमच्या त्या ओळीत "एका पॅनवरची सगळ्या राज्यांतली, शाखेला पाठवलेल्या मालासकट" एवढे शब्द वाढवून दुरुस्ती छापावी ही विनंती.

आपला,
एक हिशोबनीस वाचक, जळगाव