हेडसर, तुमच्या गॅदरिंगमधल्या भाषणाबद्दल

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

हे पत्र चार लोकांनी वाचावं म्हणून उघडंच लिहितेय. तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही "असू दे, असू दे" म्हणत हजेरीपटात डोकं घातलं असतं. शिवाय आपल्या सीमाभागातल्या मराठी शाळांमध्ये माझ्यासारख्या अतिथी शिक्षिका बऱ्याच आहेत. गॅदरिंगच्या भाषणात त्यांचं काम कसं सांगता येतं, हे त्यांच्या मुख्याध्यापकांनाही कळलेलं बरं.

अतिथी शिक्षक म्हणजे रिकाम्या जागेवर त्या वर्षापुरता घेतलेला माणूस. शाळा सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी तो येतो, वर्ष संपलं की त्याची नेमणूकही संपते. त्यामुळे जानेवारीत व्यासपीठावरून सत्काराची नावं वाचली जातात तेव्हा कायमच्या शिक्षकांना शाल-श्रीफळ मिळतं आणि आम्हाला "इतर सर्व सहकारी" या तीन शब्दांत बसवतात. त्याबद्दल माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही, रीतच तशी पडलीय. तुम्ही ती रीत बाजूला ठेवलीत, आणि तीही माझ्याबद्दल गोड बोलून नव्हे. तुम्ही माझ्या वर्गाचे आकडे वाचलेत.

डिसेंबरात तुम्ही प्रत्येकाला अर्धा कागद दिलात. त्यावर तीनच प्रश्न होते: यंदा वर्गात वेगळं काय केलं, मुलांत काय फरक पडला आणि तो कशावरून कळला. मी "मुलांची वाचनात चांगली प्रगती झाली" असं लिहून दिलं, तेव्हा तिसऱ्या प्रश्नाखाली रेघ मारून तुम्ही कागद परत पाठवलात. मग दोन दुपारी वर्गात येऊन बसलात, आणि एकेका पोराला जवळ घेऊन स्वतः वाचायला लावलंत.

ती तपासणी कशी केलीत ते इथे सविस्तर लिहिते, कारण भाषणातला सगळा दम तिथूनच आला. चार पायऱ्या होत्या: सुटी अक्षरं, साधे शब्द, चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद आणि मग छोटी गोष्ट. मूल ज्या सगळ्यात वरच्या पायरीवर न अडखळता वाचतं ती त्याची पायरी. 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशभरातल्या पाहणीतही हेच करतात, त्यात नवं काही नाही. पण तुम्ही परिच्छेद आणि गोष्ट पुस्तकातून घेतली नाहीत. जांबोटीच्या जंगलातल्या अस्वलाची आठ ओळींची गोष्ट तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून आणलीत. पुस्तकातला धडा आमच्या पोरांना ऐकून ऐकून पाठ असतो. बोट तिसऱ्या शब्दावर आणि तोंड सातव्यावर, असं दिसलं की ते पोर वाचत नाहीय, म्हणतंय. नवी गोष्ट पुढे आली की हे लगेच उघडं पडतं. वाचून झाल्यावर तुम्ही "अस्वल कुठं लपलं?" एवढंच विचारायचात. दोघांनी गोष्ट घडाघडा वाचली आणि या प्रश्नाला गप्प राहिले. त्यांना तुम्ही गोष्टीच्या पायरीवर धरलं नाहीत. तेव्हा मला ते जरा कडक वाटलं होतं. आता वाटत नाही.

चौथी-पाचवी मिळून माझ्याकडे 27 मुलं. मी आले तेव्हा त्यातली 9 गोष्ट वाचत होती, 6 परिच्छेदापर्यंत, 8 शब्दांपर्यंत, आणि 4 जण सुट्या अक्षरांवरच होते. तुमच्या तपासणीत 18 गोष्टीवर निघाली, 5 परिच्छेदावर, 4 शब्दांवर. नुसत्या अक्षरांवर कुणी उरलं नव्हतं. रोजचा पहिला तास इयत्ता विसरून पायरीप्रमाणे गट करायचे, एवढंच मी केलं होतं. पाचवीतला दांडगा पोरगा चौथीतल्या पोरांसोबत शब्दांच्या गटात बसायला पहिले दिवस लाजायचा. पण त्याला कार्डं वाटायचं काम दिलं आणि तो रुळला.

सगळ्यात जास्त वेळ जोडाक्षरांनी खाल्ला. आमची पोरं मराठी आणि कन्नड दोन्ही लिपी शिकतात. कन्नडमध्ये पहिलं अक्षर पूर्ण राहतं आणि दुसरं त्याच्या पायाशी ओत्तक्षर होऊन बसतं. मराठीत बहुतेक वेळा पहिलंच अर्धं होतं आणि दुसरं पूर्ण. त्यामुळे 'पुस्तक' कुणी 'पुसतक' वाचतं, कुणी अर्धा स गिळून 'पुतक'. रफार तर फारच छळतो. 'सूर्य'मधला र डोक्यावर दिसतो पण उच्चारायचा आधी, हे कळायलाच वेळ लागतो. यावर पन्नासदा घोकून घेण्याचा उपयोग होत नाही. मी शब्द तोडून फळ्यावर लिहायची, 'सू-र्-य', आणि पोरांनी तोंडानं हळू म्हणत तो जोडायचा. कन्नड शिकवणाऱ्या आपल्या मॅडमनी त्याच आठवड्यात त्यांच्या तासाला ओत्तक्षरं घेतली, म्हणजे दोन लिप्यांतला फरक पोरांना शेजारी शेजारी दिसला. ही कल्पना त्यांची होती, आणि तुम्ही भाषणात ती त्यांच्याच नावावर सांगितलीत. माझ्या खात्यावर टाकली असती तरी कुणाला कळलं नसतं.

बाकीच्यांचंही तुम्ही असंच सांगितलंत. सर्वेक्षण आणि मतदारयादीच्या कामाला दोन शिक्षक गेले तेव्हा त्यांचे वर्ग कुणी जोडून घेतले, दूध-अंड्याचा हिशेब कोण सांभाळतं, प्रतिभा कारंजीच्या कलागुण स्पर्धांसाठी पोरांना शाळा सुटल्यावर कुणी थांबवून घेतलं. प्रत्येकाला एकच काम आणि जास्तीत जास्त दोन वाक्यं. "अविरत परिश्रम" हे शब्द एकदाही आले नाहीत. मंडपात पुढच्या रांगेत बसलेल्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, कारण त्या कामांतली निम्मी त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली होती.

आकडे वाचताना तुम्ही 18 सांगितले, तसे उरलेले 9 पण सांगितलेत. मला धास्ती होती. गाव लहान, "ते चार कोण?" म्हणून दुसऱ्या दिवशी विहिरीवर चर्चा झाली असती. पण तुम्ही दोन इयत्ता मिळून आकडा दिलात, मुलगे-मुली वेगळे केले नाहीत, आणि त्या नऊंच्या पालकांना आदल्या आठवड्यातच एकेकटं बोलावून सगळं सांगून ठेवलं होतंत. हे मला नंतर एका आईकडून कळलं.

मग पुढच्या वर्षाचं आलं. तुम्ही शंभर टक्के निकालाची घोषणा कराल अशी माझी अटकळ होती, पाहुण्यांचीही असावी. तुम्ही तीनच गोष्टी सांगितल्यात. पहिली वाचनाची: चौथी ते सातवीतलं एकही मूल दसऱ्याच्या सुट्टीला परिच्छेदाच्या खाली नसेल. दुसरी, पाचवीपासून पुढे प्रत्येकाला हातच्याची वजाबाकी आणि एका अंकानं भागाकार यायला हवा. तिसरी, सातवीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ग्रामपंचायतीला एक साधा अर्ज कन्नडमध्ये स्वतः लिहिता यावा.

तिसरी गोष्ट निघाली तेव्हा मंडपात थोडी कुजबुज झाली. आपल्याकडे ती होणारच. तुम्ही भाषेच्या वादात शिरला नाहीत. मराठी वाचन पक्कं झालेलं पोर कन्नडही लवकर उचलतं, म्हणून पहिलं ध्येय पहिलं आहे, एवढं सांगून पुढे गेलात. मला ते पटलं, कारण माझ्या वर्गात तसंच दिसलंय. शब्दांवर अडकलेली चारही पोरं कन्नडच्या तासालाही मागंच आहेत.

मोजायचं कधी तेही ठरवून दिलंत. जूनच्या सेतुबंधात, म्हणजे मागच्या इयत्तेच्या उजळणीत, पूर्वपरीक्षा होतेच, तिला ही चार पायऱ्यांची तपासणी जोडायची, म्हणजे सुरुवातीचा आकडा हाती येईल. सेतुबंधाच्या शेवटी होणाऱ्या साफल्य परीक्षेला परत एकदा, आणि दसऱ्याच्या आधी तिसऱ्यांदा. तपासणी त्या वर्गाच्या शिक्षकानं न करता दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकानं करायची. आकडे एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या, बैठकीत वाचायचे. आणि पालकांकडून एकच मागणी: भात कापणीच्या दिवसांत पोराला अख्खा दिवस घरी ठेवू नका, निदान पहिल्या तासाला तरी पाठवा, कारण वाचनाचे गट त्याच तासाला बसतात.

इथे माझं एक म्हणणं आहे, आभाराच्या पत्रात शोभत नसलं तरी. दसऱ्याची मुदत ओढाताणीची आहे. रिकाम्या जागेवर नवा माणूस येईपर्यंत जून संपतो, मग पावसाचे दिवस, ओढ्याला पाणी आलं की पलीकडच्या वाडीतली पोरं येत नाहीत. तुम्ही भाषणातच म्हणालात की शिक्षक उशिरा आले तर मुदत तेवढी पुढे जाईल आणि ते लपवणार नाही. तरी मला वाटतं, अक्षरांवर असलेल्या पोरांसाठी मुदत वेगळी, जानेवारीची धरावी. अक्षरांवरून परिच्छेदावर जायला माझ्या चौघांना डिसेंबरपर्यंतचा वेळही पुरलेला नाही, ते अजून शब्दांवरच आहेत.

सत्काराच्या वेळी तुम्ही शाल माझ्या हातात दिलीत तेव्हा माझी सासू मागच्या रांगेत होती. "मास्तरीण कधीपर्यंत हाय?" असं तिला विचारणारे गावात पुष्कळ. आता ते विचारतात, "वाचनाचा तास तुमच्या सुनेचाच न्हवं?"

पुढच्या जूनमध्ये मीच येईन की दुसरं कुणी, ते माझ्या हातात नाही. म्हणून प्रत्येक मुलाच्या पायरीची वही, शब्दकार्डांचे चार गठ्ठे आणि तोडून लिहिलेल्या जोडाक्षरांचे तक्ते चौथीच्या कपाटात खालच्या फळीवर ठेवून जाईन. अस्वलाची गोष्ट आता पोरांना पाठ झाली आहे, तेवढी नवी लिहा.

आपली नम्र,
चौथी-पाचवीची अतिथी शिक्षिका
खानापूर तालुका, जि. बेळगाव