पाडव्याच्या अंकातील ‘रौद्र’ संवत्सर

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : संवत्सराच्या नावाबाबत आपल्या अंकातील चूक

गुढीपाडव्याच्या आपल्या अंकात पहिल्याच पानावर ‘शके १९४८, रौद्र नाम संवत्सराच्या हार्दिक शुभेच्छा’ असे ठळक अक्षरांत छापून आले आहे. शुभेच्छा पोचल्या, त्याबद्दल आभारी आहे. परंतु शके १९४८ चे नाव ‘पराभव’ आहे, ‘रौद्र’ नव्हे. ‘पराभव’ हे नाव सणाच्या दिवशी छापायला जड वाटले असेल, असे क्षणभर मनात आले; पण मग ‘रौद्र’ तरी कोणते मंगल आहे? तेव्हा हेतू तो नसावा. आपल्या कार्यालयात कोणीतरी उत्तरेकडील हिंदी पंचांग उघडले असावे आणि त्यातील विक्रम संवत २०८३ चे नाव उचलून आपल्या शकाला जोडले असावे.

आमचा वरूड-मोर्शीचा पट्टा मध्य प्रदेशाला लागून असल्यामुळे हा घोळ आमच्या चांगल्या परिचयाचा आहे. पांढुर्णा-मुलताईच्या बाजारातून आलेली हिंदी पंचांगे आमच्याकडे कित्येक घरांत मराठी कालनिर्णयाशेजारीच टांगलेली असतात. नावे दोन्हींकडे तीच साठ आहेत आणि क्रमही तोच आहे, म्हणून माणूस बेसावध राहतो. फरक एवढाच की, आज उत्तरेकडची गणना आपल्यापेक्षा चौदा नावे पुढे आहे. आपला पराभव चाळिसावा, त्यांचा रौद्र चोपन्नावा.

याचे कारण गुरूच्या गतीत आहे. मूळ गणनेनुसार गुरूला मध्यम गतीने एक रास ओलांडायला लागणारा काळ म्हणजे एक संवत्सर. हा काळ सुमारे ३६१ दिवसांचा असतो, म्हणजे सौर वर्षापेक्षा चार दिवसांहून थोडा अधिक कमी. ही तूट साठत जाऊन सुमारे पंच्याऐंशी वर्षांत एका पूर्ण संवत्सराएवढी होते, आणि तेव्हा एक नाव गाळावे लागते. उत्तरेत ते आजही गाळतात. २०२१ च्या पाडव्याला तिकडे ‘प्रमादी’नंतर ‘आनंद’ न येता एकदम ‘राक्षस’ आला, तो याच कारणाने. दक्षिणेत, आणि त्यात महाराष्ट्रही आला, नाव गाळण्याची ही रीत सुमारे हजार-अकराशे वर्षांपूर्वीच सुटली. गुरू आकाशात कुठेही असो, आपल्याकडे दर पाडव्याला पुढचे नाव लागते. त्यामुळे आपला ‘आनंद’ शाबूत असून तो शके १९५६ मध्ये येईल.

नाव काढण्याची रीत आमच्या शाळेतील मुलालाही जमेल इतकी सोपी आहे. शकाच्या आकड्यात बारा मिळवावेत आणि साठाने भागावे. जी बाकी उरेल, तो नावाचा क्रमांक. १९४८ मध्ये बारा मिळवले की १९६० होतात, साठाने भागल्यावर चाळीस उरतात आणि प्रभवापासून चाळिसावे नाव पराभव आहे. बाकी शून्य आली तर साठावे, म्हणजे क्षय. भागाकाराचा कंटाळा असेल, त्याने चालू आवर्तनातील प्रभव संवत्सर शके १९०९ मध्ये, म्हणजे १९८७ च्या पाडव्याला सुरू झाले एवढे ध्यानात ठेवून तिथून मोजत यावे. मात्र ही रीत शालिवाहन शकासाठी आहे. विक्रम संवताचा आकडा घालून उत्तर काढू नये.

आता मी एवढा का चिडलो ते सांगतो. शके १९४५ मध्ये माझ्या थोरल्या बहिणीचा वृद्धापकाळाच्या अनुदानाचा अर्ज करायचा होता. तिच्या जन्माची नोंद शाळेत नाही, कारण तिला शाळेतच घातले नव्हते. होती ती एक जन्मपत्रिका, आणि तिच्यातील ‘शके’ या शब्दापुढचा आकडा वाळवीने खाल्लेला. ‘विजय नाम संवत्सरे, पौष शुद्ध पौर्णिमा, भौमवासरे’ एवढे मात्र स्वच्छ वाचता येत होते. तेवढे पुरेसे होते. परंतु कार्यालयाबाहेर अर्ज भरून देणाऱ्या गृहस्थांनी भिंतीवरचे हिंदी पंचांग पाहिले. त्यात चालू संवत्सर ‘पिंगल’, म्हणजे एक्कावन्नावे होते. विजय सत्ताविसावे, म्हणून ते चोवीस वर्षे मागे गेले, तिथून आणखी साठ वर्षे मागे गेले आणि १९३९ चा पौष पकडून त्यांनी जन्म जानेवारी १९४० मधला लिहून टाकला. आमचा सर्वांत थोरला भाऊ खर संवत्सरातला, शके १८७३ चा. त्या अर्जाप्रमाणे त्याच्याहून लहान असलेली ही बहीण त्याच्यापेक्षा अकरा-बारा वर्षांनी मोठी झाली! वय इतर कागदांशी जुळेना, म्हणून अर्ज परत आला, आणि बिचारीला पुढे कितीतरी खेटे घालावे लागले.

खरा हिशेब असा. सत्तावीसमधून बारा वजा केले की पंधरा उरतात, म्हणून शकाला साठाने भागल्यावर पंधरा बाकी उरली पाहिजे. तसे शक १८१५, १८७५ आणि १९३५. पहिला फार जुना, शेवटचा परवाचा, उरला १८७५. इथे आणखी एक खड्डा आहे. शकात ७८ मिळवले की १९५३ येते, पण पौष पौर्णिमा बहुधा जानेवारीत पडते आणि पाडवा यायचा असतो, म्हणून एक जानेवारी ते पाडवा या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. म्हणजे जानेवारी १९५४. हे बरोबर आहे याची साक्ष वार देतो : १९ जानेवारी १९५४ रोजी पौष पौर्णिमा होती आणि त्या दिवशी मंगळवार होता, पत्रिकेतील ‘भौमवासरे’ म्हणजेच मंगळवार. जानेवारी १९४० च्या पौष पौर्णिमेला मंगळवार येतच नाही. ज्याला संवत्सराच्या नावावरून जन्मवर्ष काढायचे असेल त्याने तिथी आणि वार जुळवून पाहिल्याशिवाय कागदावर सही करू नये, कारण नाव साठ वर्षांनी पुन्हा येते, पण त्यासोबत तोच वार येईलच असे नाही.

हेही जाता जाता सांगितले पाहिजे की, आपल्या त्याच अंकाच्या शिरोभागी ‘भारतीय सौर २८ फाल्गुन, शके १९४७’ असे छापले आहे आणि त्याखाली वीतभर अंतरावर ‘शके १९४८’. यात मात्र आपली चूक नाही. सरकारी सौर दिनदर्शिकेचे वर्ष २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला, बदलते. पंचांगाचे वर्ष पाडव्याला बदलते, आणि या वर्षी पाडवा १९ मार्चला आला. पण हे दोन ओळींत सांगितले असते तर गावातल्या पारावर दिवसभर चाललेला वाद वाचला असता. ‘पेपरवाल्यांना शकही धड ठाऊक नाही’ असे म्हणणाऱ्यांना मीच समजावत बसलो, आणि तेवढ्यात एकाने ‘रौद्र’ दाखवून माझे तोंड बंद केले.

चूकदुरुस्ती पहिल्या पानावर छापावी, आतल्या पानावर निविदांच्या जाहिरातींखाली नव्हे.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
ता. मोर्शी, जि. अमरावती