पाठटाचणाच्या भांडणाबद्दल

प्रिय निशा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून महिना होत नाही तोच शाळेतले सर्वांत जुने, मराठीचे सर पाठटाचण द्यायला नकार देतात, आणि स्टाफरूममधले बाकीचे सगळे ‘आता बाई काय करतात बघू’ म्हणून बसलेत. तू विचारलंयस, नोटीस काढू की सोडून देऊ?

दोन्ही नको. आधी त्या कागदाचं काम काय, ते ठरव. उद्या सर आजारी पडले आणि बदली शिक्षक वर्गावर गेले, तर त्यांना तीन गोष्टी कळायला हव्यात: घटक कोणता चाललाय, पुस्तकात कुठपर्यंत आलंय आणि मुलांना गृहपाठ काय दिलाय. एवढ्या तीन ओळी सगळ्यांना सक्तीच्या कर, त्यांनाही. त्यात ज्येष्ठता आणू नकोस. ‘उद्दिष्टे, साहित्य, प्रस्तावना, मूल्यमापन’ असे रकाने नवशिक्याला उपयोगी पडतात, कारण तास कसा उभा करायचा हे त्याला अजून हाती लागलेलं नसतं. ज्याने तोच घटक वर्षानुवर्षं शिकवलाय तो ते रकाने मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवून काढतो आणि तू त्यावर सही करतेस. दोघांचाही वेळ फुकट.

खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. कागद सोडून दिला, तर वर्गात काय चाललंय हे तुला कळणार कसं? आमच्याकडे सहावीत जे झालं ते सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते लक्षात येईल.

एका तुकडीचे गणिताचे सर दशांश अपूर्णांकांवर अडकून बसले होते. दुसऱ्या तुकडीच्या बाई केव्हाच दशांशांच्या गुणाकारावर पोचल्या होत्या, आणि घटक चाचणी दोन्ही तुकड्यांना एकच. पालकांची कुरकुर सुरू झाली. सर माझ्यापेक्षा वयानेही मोठे आणि अनुभवानेही. शिवाय मी भाषेची, गणितातलं त्यांना काय सांगणार? मी त्यांना आदल्या दिवशी गाठलं. म्हटलं, ‘उद्या तासाला येऊन बसते. नोंदवहीत काही लिहिणार नाही, हे मूल्यमापन नाही. तुम्हाला माझ्याकडून काय बघून हवंय?’ ते म्हणाले, ‘मुलं बोलतात का बघा.’ ही आधीची पाच मिनिटं कधी चुकवू नकोस. कोणती भेट गोपनीय अहवालासाठी आणि कोणती मदतीसाठी, हे शिक्षकाला आधीच माहीत नसेल तर तो प्रत्येक वेळी तुझ्यासाठी खास तास वाढून ठेवतो, आणि रोजचा तास तुला कधीच दिसत नाही.

मी मागच्या बाकावर एका मुलीशेजारी बसले, सरांचा चेहरा दिसेल त्यापेक्षा मुलांच्या वह्या दिसतील अशी. समासात वेळ लिहायची आणि समोर जे बोललं गेलं तेच उतरवायचं. ‘छान’, ‘कंटाळवाणं’ असली विशेषणं नाहीत. वेळेवर माझा भर का, तर मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या टेप ऐकून दाखवून दिलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. हे घड्याळाशिवाय दिसत नाही.

सरांनी फळ्यावर लिहिलं: ०.३५ मोठा की ०.४? आणि थांबले. चांगले थांबले. निम्म्या वर्गाने ०.३५ म्हटलं, कारण पस्तीस चारापेक्षा मोठे. सरांनी दोन्ही उत्तरं फळ्यावर तशीच राहू दिली आणि मुलांना भांडायला लावलं. बराच वेळ गेला. माझी बोटं शिवशिवत होती, की अहो, सांगून टाका ना आता! पण वर्गात मुख्याध्यापकाने तोंड उघडलं की सरांचा तास संपलाच. शेवटी एका मुलाने ०.४ म्हणजे ०.४० असं दाखवून दिलं आणि वर्ग एकदम ‘हां’ म्हणाला.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत बोललो. मी नोंदी समोर ठेवल्या. बोलणारी मुलं पाच-सहाच होती, तीच ती. मी एवढंच विचारलं, ‘बाकीच्यांना समजलं हे तुम्हाला कशावरून कळलं?’ सर थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला सुचणं शक्यच नव्हतं. म्हणाले, ०.४ हे उत्तर बरोबर देणाऱ्यांतही दोन जाती असतात. काही मुलांचा समज असा असतो की दशांशचिन्हापुढे जितके कमी अंक तितकी संख्या मोठी, कारण शतांश दशांशापेक्षा लहान. त्यांचं उत्तर इथे बरोबर येतं आणि कारण चुकीचं असतं. ती पकडायची तर लगेच ०.२ आणि ०.३५ विचारायला हवं. तिथे ती ०.२ मोठा म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून तासाच्या शेवटी प्रत्येकाकडून चिठ्ठीवर असे दोन प्रश्न सोडवून घ्यायचं त्यांनीच ठरवलं. मी चिठ्ठ्यांचा ‘च’ही काढला नव्हता.

म्हणून तुला सांगते, कशावरून कळलं हे विचारायचा हक्क आपला, आणि तो सोडायचा नाही. उत्तर कसं शोधायचं ते त्यांचं.

तारखेवर मात्र मी हटले नाही. त्यांनी चाचणी पुढे ढकला म्हटलं, मी नाही म्हटलं. एका तुकडीसाठी चाचणी हलवली तर दुसऱ्या बाईंनी वेळेत केलेल्या कामाची किंमत काय राहिली? आणि गुणाकार शिकवलाच नाही तर नुकसान मुलांचं. वेळ कुठून काढायचा ते मात्र त्यांच्यावर सोडलं. त्यांनी लांबी आणि वजनाचा घटक दशांशातच मिसळून टाकला, मीटर-सेंटिमीटर म्हणजे तेच तर आहे. गुणाकार चाचणीच्या जेमतेम आधी झाला. निकाल काही डोळे दिपवणारा नव्हता: तुलनेच्या प्रश्नांत त्यांची मुलं स्पष्ट पुढे, गुणाकारात थोडी मागे, कारण सराव कमी पडला. दुसऱ्या बाई अजून म्हणतात की एवढा घोळ घालायची गरज नव्हती. असू दे. चिठ्ठ्या त्याही घेतात आता, पण त्यांच्या पद्धतीने, आठवड्यातून एकदा.

हे सगळीकडे चालतं असं समजू नकोस. चिठ्ठ्या समोर ठेवल्या, निम्मी मुलं चुकलेली दिसली आणि तरी ‘ही मुलंच ढ आहेत’ म्हणणारा शिक्षक तुला भेटेल. तिथे पद्धतीचं स्वातंत्र्य आखडतं घ्यावं लागतं: काय बदलायचं, कधीपर्यंत, मी पुन्हा कधी येणार, हे तारखेसह लेखी द्यायचं आणि एक प्रत त्यांच्या सहीने ठेवायची. आणि मुलांना मारणं, वर्गासमोर अपमान करणं, यावर तर चर्चाच नाही. तिथे ज्येष्ठता, अनुभव, काही मध्ये येत नाही.

तुझ्या सरांकडे आधी तीन ओळी माग, बंद दाराआड, स्टाफ मीटिंगमध्ये नाही. मग त्यांच्या वर्गात जाऊन बस. तास झाल्यावर त्यांनी काय सांगितलं ते कळव. मला मराठीच्या सरांचं फार कुतूहल आहे, कारण व्याकरणाच्या तासाला ‘कशावरून कळलं’ विचारलं की आमच्याकडे अजून सगळे छताकडे बघतात.

तुझी,
वसुधा