शाळेच्या संडासाला आतून कडी हवी

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत लहान मुलांची डॉक्टर आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव या भागांतून पोटदुखीची मुलं माझ्याकडे येतात. त्यांतल्या बऱ्याच मुलांचं दुखणं औषधाने बरं होतं आणि शाळेत गेल्यावर परत येतं. हे पत्र त्या मुलांसाठी आहे.

तिसरीतल्या एका मुलीबद्दल सांगते. वय आठ, वजन वीस किलो. आईची तक्रार होती, "पोट दुखतंय म्हणते, जेवत नाही आणि चड्डीत पातळ होतंय." जुलाब समजून कुणीतरी तिला जुलाब थांबायचं औषध दिलं होतं. पोट तपासलं तेव्हा बेंबीच्या खाली डावीकडे गोळा हाताला लागला. तो घट्ट झालेल्या शीचा होता. आतडं भरून गेलं की त्या खड्याच्या कडेने पातळ शी झिरपते आणि मुलाच्या नकळत चड्डीला लागते. आईला वाटतं जुलाब होताहेत, वर्गातली मुलं वास येतो म्हणून लांब बसतात. प्रत्यक्षात पोट कित्येक दिवस साफ झालेलं नसतं. जुलाब थांबवणाऱ्या औषधाने तर खडा आणखी घट्ट होतो.

आईला बाहेर बसवून मी मुलीला शाळेबद्दल विचारलं. संडास आहे, पण दाराला कडी नाही. मैत्रिणीने दार धरून उभं राहायचं, आणि ती पळून गेली तर मुलं दार ढकलतात. नळ आत नाही. बाहेरच्या टाकीतून बादली भरून पटांगणातून न्यावी लागते, म्हणजे कोण कशाला चाललंय ते सगळ्या शाळेला कळतं. "म्हणून मी दाबून धरते," असं ती म्हणाली. पाणीही पीत नव्हती, सू लागू नये म्हणून. अशा मुलींना लघवीचा संसर्गही लवकर होतो.

दाबून धरल्यावर पोटात काय होतं, ते जरा सविस्तर सांगते. जेवल्यावर साधारण अर्ध्या तासात आतडी हलायला लागतात आणि शीची भावना होते. शाळेत ती वेळ खिचडीनंतर येते, म्हणजे घंटा होऊन वर्ग भरलेला असतो तेव्हा. मूल पाय आवळून, टाचा उचलून, अंग ताठ करून ती भावना जिरवतं. बाईंना वाटतं मूल चुळबुळ करतंय. भावना जाते, शी आतच राहते. मोठं आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं आणि ती आणखी कडक होते. संध्याकाळी किंवा दोन दिवसांनी ती बाहेर पडते तेव्हा दुखतं, कधी चीर पडते. मग मूल दुखण्याच्या भीतीने घरीसुद्धा धरून ठेवायला लागतं. महिनोन्महिने असं चाललं की गुदाशय ताणून सैल होतो आणि भरल्याची जाणीवच बोथट होते. तिथून पुढे "जाऊन ये की गं" म्हणून काही उपयोग नसतो, कारण तिला खरंच कळत नसतं.

उपचार अवघड नाहीत, पण लांबलचक आहेत. पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाची पावडर पाण्यातून देतात. ती आतड्यात पाणी धरून ठेवते आणि शी मऊ करते. आधी साठलेलं सगळं बाहेर काढायला मोठा डोस लागतो. या मुलीला दिवसाला २५ ग्रॅम, पाच दिवस दिला. नंतर रोज १० ग्रॅम. हा डोस वजनावर ठरतो, त्यामुळे पालकांनी मनाने देऊ नये. पावडर किमान दोन महिने चालू ठेवायची, पोट सुरळीत झाल्यावरही एक महिना तशीच द्यायची आणि मगच हळूहळू कमी करायची. सोबत रोज जेवल्यावर पाच-दहा मिनिटं संडासात बसायचं, शी होवो वा न होवो. त्यावर रागवायचं नाही.

मे महिन्यात ही मुलगी मामाकडे राहिली. शी रोज, मऊ, पोटदुखी नाही. जूनमध्ये शाळा उघडली आणि महिना संपायच्या आत ती पुन्हा तोच गोळा घेऊन माझ्यासमोर होती. औषध तेच, भाकरी-भाजी तीच. बदलली होती ती फक्त शाळेची वेळ आणि शाळेचा संडास. जन्मापासून बद्धकोष्ठता, शीतून बरंच रक्त, उलट्या, वजन घटणं असं काही असेल तर आम्ही दुसरे आजार शोधतो. इथे तसलं काही नव्हतं.

साहेब, शाळेत मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं असावीत हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलेलं आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या आर. आर. आबांनी ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान उभं केलं. संडास बांधून झाले, पण ते रोज धुणार कोण, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. समग्र शिक्षा योजनेतून मिळणाऱ्या शाळा अनुदानातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. शंभर ते अडीचशे पटाच्या शाळेला ५० हजार धरले तर वर्षाला ५ हजार, म्हणजे महिन्याला सव्वाचारशे रुपयेसुद्धा नाहीत. एवढ्यात फिनेल आणि खराटा येतो, रोज येणारा माणूस येत नाही. उरलेल्या पैशांची दुरुस्ती आणि वीजबिल वाट बघत असतात. मग शिक्षक संडासाला कुलूप लावतात आणि किल्ली ऑफिसात ठेवतात. मी त्यांना दोष देत नाही. घाण झालेला संडास उघडा ठेवून करायचं काय, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न आहे.

माझी पहिली मागणी बिनखर्चाची आहे, म्हणून ती आधी मांडते. लेखी आदेश काढा की मुलाने शी किंवा सू लागली म्हणून बोट वर केलं तर मधल्या सुट्टीची वाट पाहायला लावायची नाही, वर्गात कारण विचारायचं नाही. आणि खिचडीनंतर तास सुरू होण्याआधी दहा-पंधरा मिनिटं मोकळी ठेवा, हात धुणं आणि संडास यांसाठी.

दुसरी मागणी सफाईच्या माणसाची आहे. त्याच्या मानधनासाठी शाळा अनुदानाबाहेर वेगळी तरतूद हवी. जवळजवळच्या दोन-तीन शाळांना मिळून एक माणूस दिला तरी चालेल, पण तो रोज आला पाहिजे, आणि शक्यतो मधल्या सुट्टीच्या आधी.

तिसरी मागणी तपासणीबद्दल आहे. संडास आहे का, चालू आहे का, एवढं फॉर्मवर भरून भागत नाही. केंद्रप्रमुखांनी शाळेला भेट दिली की आत जावं, दार लावावं, कडी बसते का पाहावं आणि आतल्या नळाला पाणी येतं का पाहावं. जतसारख्या भागात उन्हाळ्यात नळ कोरडा असतो. तिथे आत झाकणाची टाकी आणि तांब्या ठेवला तरी पोरीला बादली घेऊन पटांगण ओलांडावं लागणार नाही.

पुढचं शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होईल. कडी-कोयंडे बसवायला आणि पहिला आदेश काढायला मे महिना पुरेसा आहे. त्याआधी आपण निर्णय घ्यावा, ही विनंती.

आपली,
सांगलीतील एक बालरोगतज्ज्ञ