सूचना : निरोपाच्या भेटवस्तूची वर्गणी

सभासदहो, या वेळी माणशी ठरावीक रक्कम नाही. जमेल तेवढे शुक्रवारपर्यंत फक्त खजिनदारांकडे द्यावे. कोणी किती दिले, हे त्यांच्यापाशीच राहील. पैसे पाठवल्याचे फोटो ग्रुपवर टाकू नका, त्यानेच पुढच्याला संकोच होतो.

वस्तू पैसे जमल्यावरच निवडू. मागच्या खेपेस आधी निवडली आणि उरलेली भर दोघातिघांच्या माथी आली. जमलेल्या रकमेत बसणारे तीन पर्याय शनिवारी कळवू. जे जे चालतील त्या सगळ्यांवर खूण करा. एकेकच पसंती घेतली आणि 12 जणांत 5-4-3 अशी मते फुटली, तर 7 जणांनी न निवडलेली वस्तू जिंकते. वर्गणी कितीही असो, अगदी शून्य असली तरी, मताचे वजन सारखेच. कार्डावर सगळ्यांची नावे असतील, आकडे नाहीत.